चिकूचे फोटो डिलीट करा बाप्पा

मोठे बाबा, काकाजी, आत्या, वयनी, सगळ्यायले रामराम. मेसेज पुरा वाचजा, नुसता अंगठा टाकून देऊ नका.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी गृपवर चिकूचे फोटो टाकले होते, लाकडी बैल घेऊन धोतर नेसलेले, अन् त्याच गडबडीत तो टाक्यावर उघडानागडा आंघोळ करते तो फोटोही गेला, चूक माहीच हाये. आता इतके दिवस झाल्यावर 'सगळ्यांसाठी डिलीट' होऊनही नाही राह्यलं.

काल बाजारात एका अनोळखी माणसानं मोबाईल काढून मले तोच फोटो दाखवला, म्हणे हा तुमचाच पोट्टा ना. माह्या पायाखालची जमीनच सरकली. कोणीतरी स्टेटसले ठेवला असन, तिथून गावच्या गृपवर गेला. कोणी ठेवला ते मी विचारत नाही, भांडण नाही करायचं.

फक्त आंघोळीचा फोटो, अन् शाळेच्या ड्रेसमधला, ज्यात गळ्यातल्या कार्डावर नाव अन् आमचा नंबर दिसते, हे दोन्ही आजच काढा. चॅटमधून काढून होत नाही, गॅलरीतही पाहा, गूगल फोटोच्या ट्रॅशमधूनही, तिथं 60 दिवस पडून राह्यते. पुढं कोणाले पाठवला असन तर त्यालेही सांगा.

आत्या, आजीच्या फोनमधला तुमीच काढून द्या, तिले जमत नाही. रागावली तर सांगा, बैलवाला फोटो मी यवतमाळहून फ्रेम करून आणतो.