मानेत तुटलेली वायर

सव्वानऊ वाजता ऋतुजाच्या लक्षात आलं, की बॅटरीचा आकडा वाढायचा सोडून कमी होतोय. पिन लावलेली होती, बटण चालू होतं, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात अठरा टक्के. तिने पिन काढून परत लावली. सतरा.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालवून दाखवायचा. तिचा प्रोजेक्ट गावच्या दूध संस्थेचा होता. मामाच्या गावी सकाळ-संध्याकाळ रांगेत उभी राहून तिने दूध घालणाऱ्यांच्या नोंदी बघितल्या होत्या: लिटर, फॅट, एस.एन.एफ., आणि दर दहा दिवसांनी निघणारं बिल. नोंदी घेणं, दर लावणं, सगळं चालत होतं. फक्त एकतीस तारखेच्या महिन्यात शेवटचं बिल दहाऐवजी अकरा दिवसांचं निघायला हवं, तिथे हिशेब चुकत होता. तेवढं आज रात्री दुरुस्त करायचं होतं. बॅटरी जुनी, भरलेली असली तरी तासभर तग धरायची नाही.

"आई, लॅपटॉप चार्जच होईना."

आई भाकरीचं पीठ मळत होती. तशीच पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिने वायर हलवली, आणि अडॅप्टरवरचा बारका हिरवा दिवा लुकलुकून गेला. "हे बघ, लागतंय की! अशीच धरून ठेव. नाहीतर वर पाटा ठेवूया."

मैत्रिणींना फोन झाले. एकीचा चार्जर वेगळ्या पिनचा, दुसरी जयसिंगपूरची. राजारामपुरीतली दुकानं तोवर बंद झालेली. वडील एस.टी.वर, रत्नागिरीला मुक्कामी. ऋतुजाच्या डोळ्यात पाणी आलं तशी आई म्हणाली, "मालूकाकूला हाक मार. जा."

शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात मालूकाकू जिन्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यांचं आणि काकांचं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. काका मोटार खोलायचे, बेअरिंग बसवायचे, आणि कॉइल भरायच्या त्या काकू. 2019 च्या पुरात पंचगंगेकाठचे शेतीपंप पाण्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या दुकानासमोर ट्रॉल्या भरून चिखलाने माखलेल्या मोटारी आल्या होत्या, आणि काकू रात्र-रात्र तांब्याची तार गुंडाळत बसल्या होत्या. काका गेल्यावर दुकान दिलं, पण हत्यारांचा पत्र्याचा डबा काकूंनी दिला नाही.

"काकू, लॅपटॉप बिघडलाय. उद्या परीक्षा आहे. मी काय करू?"

"बिघडलाय म्हणून कुणी सांगितलं तुला?" काकूंनी टीव्ही बंद केला. "चार्ज होत न्हाई, एवढंच कळलंय नव्हं? मग तेवढंच म्हणायचं. किती बॅटरी हाय?"

"चौदा टक्के."

"आधी तुझं जे काय काम हाय ते पेन ड्राइव्हवर काढून घे. आणि बंद कर त्याला. रडायला बॅटरी लागत न्हाई, पण कामाला लागंल."

ऋतुजाने तेवढं केलं. कोड आणि डेटाबेस पेन ड्राइव्हवर गेला तेव्हा तिचा श्वास जरा खाली बसला. मला वाटतं काकूंनी अर्धं काम तिथेच केलं होतं. ज्याच्यासाठी जीव कासावीस झालाय ते एकदा सुरक्षित झालं, की मग माणूस वायरीकडे वायर म्हणून बघू शकतो.

काकू खाली बसल्या. लॅपटॉपला त्यांनी हातही लावला नाही. आधी भिंतीकडे बघितलं.

"ह्या सॉकेटात दुसरं काय चालतं?"

"इस्त्री."

"लाव."

इस्त्रीचा लाल दिवा लागला. म्हणजे भिंतीतून वीज येतेय. मग काकूंनी अडॅप्टर परत लावायला सांगितला, पण लॅपटॉपची पिन मोकळी ठेवून. "लॅपटॉपात आत कुठं शॉर्ट असला, तर अडॅप्टर सोताला वाचवायला बंद पडतो. मोकळा सोडल्यावर दिवा लागला, तर दुखणं लॅपटॉपात. न्हाई लागला, तर अलीकडं."

दिवा लागला नाही.

"अलीकडं हाय," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा समाधान आलं. "आता दोनच वस्तू राहिल्या. ही मेन वायर आणि हा ठोकळा. काढ सॉकेटातनं."

अडॅप्टरच्या ठोकळ्यातून मेन वायर ओढली की निघते, हे ऋतुजाला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं ती सगळं मिळून एकच समजत होती. काकूंनी वायर उपटून तिच्या हातात दिली: एका टोकाला भिंतीत जाणारा थ्री-पिन टॉप, दुसऱ्या टोकाला तीन भोकं. डब्यातून पिवळा मीटर निघाला. काकूंनी त्याचं चाक आवाजाच्या खुणेवर फिरवलं आणि दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या. पीं.

"तार सलग असली की ओरडतो. एक सुई टॉपच्या पिनीला धर, दुसरी भोकात घाल. एकेक करून."

जाड पिन आणि तिचं भोक: पीं. डावी पिन: पीं. उजवी: काहीच नाही. ऋतुजाने सुई दाबून धरली. काहीच नाही. काकूंनी मग टॉपच्या मानेजवळ, जिथे वायर रबरातून बाहेर येते तिथे, चिमटीत धरून हळूच वाकवली. पीं. सोडली. गप्प.

"सापडलं. मानेत तुटलीय. तू रोज वायर धरून ओढतीस का टॉप धरून?"

"वायर धरून," ऋतुजा हळूच म्हणाली.

"सगळेच ओढतात. अडॅप्टरभोवती गच्च गुंडाळतात, ते वेगळंच. आतले केसासारखे धागे एकेक करून तुटतात."

आई दारात उभी होती. "मग पाटा ठेवला असता तर चाललं असतं की एक रात्र."

"वहिनी, न्हाई." काकूंनी मान वर केली. "अर्धवट टेकलेल्या तारंत ठिणगी पडती. तिथंच तापती, रबर वितळतं. पोरगी गादीवर बसून काम करणार, वायर चादरीखाली. एका परीक्षेसाठी असलं करायचं न्हाई."

डब्यात तळाशी एक नवा कोरा टॉप होता. सहा अँपिअरचा, साधा पांढरा. ऋतुजाने ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, पासष्ट वॉट. काकू म्हणाल्या, मग भिंतीतनं अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही, ह्या टॉपला ते काहीच नाही.

आणि मग पक्कड त्यांनी ऋतुजाच्याच हातात दिली.

"मी?"

"मग कोण? माझ्या डोळ्याला आता रात्रीचे धागे दिसत न्हाईत."

मानेपासून दोन बोटं सोडून तिने वायर कापली. जुना टॉप बाजूला पडला. बाहेरचं काळं आवरण सोलताना पहिल्यांदा हात जोरात गेला आणि आतल्या निळ्या वायरीला चीर पडली. "काप आणि परत सोल. चीर पडलेली ठेवायची न्हाई." दुसऱ्यांदा नीट निघालं. आत तीन वायरी: तपकिरी, निळी, आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली.

"तपकिरी फेज. निळी न्यूट्रल. हिरवी-पिवळी अर्थिंग. आमच्या वेळी लाल, काळी, हिरवी असायची. टॉपच्या आत अक्षरं हायत, बघ."

L, N, E. मोबाइलच्या उजेडात ती दिसली. एकेका वायरीचं टोक सोलून धागे पिळायचे, दुमडायचे, भोकात घालायचे, स्क्रू आवळायचा. काकू प्रत्येक वेळी वायर ओढून बघत होत्या. न्यूट्रलचा एक धागा बाहेर राहिला होता. एकच. तो शेजारच्या पिनीकडे वाकलेला. "हा एक धागा तुझ्या अख्ख्या वाड्याचा फ्यूज उडवंल," काकू म्हणाल्या, आणि ती जोडणी उलगडून परत करायला लावली.

अर्थिंगची वायर त्यांनी बाकी दोघींपेक्षा मुद्दाम लांब ठेवायला सांगितली होती. का, ते ऋतुजाने विचारलं.

"उद्या कुणी हिसका दिला तर आधी फेज सुटू दे, आणि अर्थिंग सगळ्यात शेवटी. जीव वाचवणारी वायर शेवटपर्यंत धरून राहिली पायजे."

टॉपमधली वायर दाबून धरणारी पट्टी आवळली, झाकण लावलं. काकू लगेच सॉकेटाकडे जाऊ देईनात. परत मीटर. तिन्ही पिना आपापल्या भोकाशी बोलल्या. मग फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुया धरल्या, तिथे मीटर गप्प राहायला हवा होता, आणि राहिला. अर्थिंगशीही दोन्ही तपासल्या. गप्प.

"आता लाव."

हिरवा दिवा लागला. ऋतुजाने वायर हलवली, वाकवली, टॉप दाबला. दिवा हलला नाही. लॅपटॉप सुरू झाला आणि कोपऱ्यात बॅटरीवर विजेची खूण आली. आईने काही न बोलता तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि काकूंचंही ताट घेतलं.

काकू जेवून लगेच गेल्या नाहीत. अर्धा तास बसल्या, मधेमधे टॉपला हात लावून बघत राहिल्या. "ठोकळा कोमट होणारच. टॉप गरम झाला, तर बटण बंद करून मला उठव. वेळ बघू नको." तोवर ऋतुजा अकरा दिवसांच्या बिलापाशी पोचली होती. चूक तारखेच्या अटीत होती, शेवटचा दिवसच धरला जात नव्हता. साडेबाराला बिल बरोबर निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ती बिंदू चौकातून चालत घरी आली. बॅग खांद्यावर, हातात कागदी पुडी. घरी न जाता आधी काकूंकडे गेली.

"टॉप तापला होता का?" काकूंनी पहिलं हेच विचारलं.

"न्हाई काकू. तिथंही तासभर लावला होता. गारच होता."

"मग सांग आता. काय विचारलं?"

"एकतीस तारखेचं बिल काढून दाखव म्हणाले. तेच." ती खाली बसली. "निघालं. मग म्हणाले, फॅट चुकून जास्त टाकला तर? मी म्हटलं, प्रोग्रॅम अडवतो, आणि दाखवलं. बरं वाटलं त्यांना."

काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. जोरात, कोल्हापुरी. पुडीत दोन नवे टॉप होते, सहा अँपिअरचे. काकूंनी एक उघडून आतले स्क्रू फिरवून बघितले, पितळी आहेत ना याची खात्री केली, आणि दोन्ही डब्यात टाकले. मग मिक्सर पुढे ओढला.

"ह्याची पण मानेतच गेलीय, चार दिवस झाले. मीटर घे. आधी काय बघायचं?"

"सॉकेट," ऋतुजा म्हणाली, आणि इस्त्री आणायला उठली.