सराव पत्रिका : क्रमांक आणि माहितीची पर्याप्तता (सांगली, सायंकाळची बॅच)

प्रत्येक प्रश्नाखाली दोन विधाने आहेत. उत्तर असे लिहा : (१) फक्त विधान १ पुरेसे, (२) फक्त विधान २ पुरेसे, (३) दोन्हींपैकी कोणतेही एकटे पुरेसे, (४) दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी, (५) दोन्ही एकत्र घेऊनही अपुरी. कुठेही बरोबरी नाही.

प्र. १. मार्केट यार्डातल्या सौद्यात हळदीची प, फ, ब, भ, म अशी पाच वक्कले निघाली. सर्वांत जास्त भाव कोणत्या वक्कलाला?
विधान १ : ब ला फ आणि म पेक्षा जास्त, पण प पेक्षा कमी भाव.
विधान २ : भ ला म पेक्षा जास्त, पण फ पेक्षा कमी भाव.

प्र. २. कबड्डीत मिरज, तासगाव, पलूस, जत, शिराळा हे पाचच संघ. तिसरा कोण?
विधान १ : तासगाव हा मिरज आणि पलूसच्या खाली.
विधान २ : तासगाव हा जत आणि शिराळ्याच्या वर.

प्र. ३. कास पठाराच्या तिकीट खिडकीपुढे एक रांग आहे. रांगेत एकूण किती जण?
विधान १ : अनिता पुढून १४वी, सुनीता मागून १७वी.
विधान २ : दोघींच्या मध्ये ४ जण.

प्र. ४. ४० जणांच्या वर्गात सायलीचा वरून क्रमांक कितवा?
विधान १ : ती खालून १२वी.
विधान २ : निखिल वरून २२वा, सायली त्याच्या ७ क्रमांक खाली.

उत्तरे

१ – (४). विधान १ वरून प किंवा भ, दोघेही पहिले येऊ शकतात. विधान २ भ ला फ च्या खाली बसवते, मग प च उरतो.

२ – (४). मिरज वर की पलूस, हे कधीच कळत नाही. कळायची गरजही नाही. विचारलंय फक्त तिसऱ्या स्थानाबद्दल. पूर्ण क्रम लागला नाही म्हणून (५) लिहिणारे हुशार विद्यार्थी दरवर्षी इथे गुण घालवतात, म्हणून हा प्रश्न मुद्दाम ठेवलाय.

३ – (५). इथे थांबा. सवयीने १४ + ४ + १७ = ३५ होतं आणि हात (४) कडे जातो. पण सुनीता अनिताच्या मागेच आहे, असं कुणी सांगितलं? ती पुढेही असू शकते. तेव्हा एकूण १४ + १७ – ४ – २ = २५. पडताळा घ्या : २५ च्या रांगेत मागून १७वी म्हणजे पुढून ९वी, ९ आणि १४ च्या मध्ये १०, ११, १२, १३ असे चारच जण. दोन्ही रांगा नियमात बसतात, म्हणजे एकच उत्तर ठरत नाही. ‘सुनीता अनिताच्या मागे आहे’ एवढं जरी विधान २ मध्ये जोडलं, तरी ३५ पक्कं होतं आणि उत्तर (४) होतं. माझ्या मते असा एक उत्तर मिळाल्यावर दुसरी मांडणी शोधण्याचा प्रयत्न प्रत्येक प्रश्नात करायलाच हवा. शोधूनही सापडली नाही, तरच ‘पुरेसे’ लिहा.

४ – (३). ४० – १२ + १ = २९; २२ + ७ = २९. विधान २ तपासताना विधान १ बोटाने झाकून घ्या.