x धावत असताना तो स्थिर कसा धरायचा?

काल दादरच्या बॅचमध्ये एकीने विचारलं, "सर, x जर t वर अवलंबून आहे, तर पार्शल काढताना तो स्थिर धरायचा हे खोटं नाही का?" प्रश्न अगदी योग्य आहे. तास संपला म्हणून उत्तर अर्धवट राहिलं, ते इथे पूर्ण करतो.

सीएसएमटीहून सकाळी 7 ला कल्याण लोकल सुटली. x म्हणजे सीएसएमटीपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये, t म्हणजे 7 नंतरचे तास. समजा, मार्गावरचं तापमान असं आहे (सूत्र मी उदाहरणापुरतं बनवलंय):

T(x, t) = 27 + 0.5t + 0.05xt

गाडीचा सरासरी वेग ताशी 36 किमी धरू, म्हणजे x = 36t. साडेसातला t = 0.5, x = 18. गाडी कुर्ल्याच्या पुढे आहे.

पार्शल: ∂T/∂t = 0.5 + 0.05x = 1.4. x स्थिर धरणं म्हणजे त्या 18 किमीच्या जागी रुळाशेजारी उभं राहणं. तिथे उभ्या माणसाला तापमान ताशी 1.4 अंशांनी चढताना दिसेल. गाडी धावतेय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून यात खोटं काही नाही.

डब्यातल्या माणसाची जागा मात्र बदलतेय, तेव्हा त्याच्यासाठी टोटल:

dT/dt = ∂T/∂t + (∂T/∂x)(dx/dt)

∂T/∂x = 0.05t = 0.025, त्याला 36 ने गुणलं की 0.9. एकूण 1.4 + 0.9 = 2.3. आधीच x = 36t घातलं तर T = 27 + 0.5t + 1.8t², त्याचा अवकलज 0.5 + 3.6t, म्हणजे पुन्हा 2.3. ताळा जमला.

आता खरी गोम. गाडीत t = x/36 असतो, म्हणून कोणी xt च्या जागी x²/36 लिहिलं:

T = 27 + 0.5t + 0.05x²/36

गाडीत बसून मोजलं तर किमती त्याच. पण आता ∂T/∂t = 0.5! 1.4 मधले 0.9 कुठे गेले? ते दुसऱ्या पदात सरकले: ∂T/∂x = 0.1x/36 = 0.05, गुणिले 36 म्हणजे 1.8. बेरीज 2.3 च.

दोन्ही सूत्रं फक्त गाडीच्या वाटेवर जुळतात. वाट सोडून रुळाशेजारी उभं राहिलात की ती वेगळी फलनं आहेत, त्यामुळे पार्शलही वेगळे. म्हणून ∂T/∂t लिहिण्याआधी T कशाकशाचं फलन आहे आणि काय स्थिर धरलंय, हे कागदावर लिहाच. दरवर्षी पेपर तपासताना मला हीच ओळ गायब दिसते: मुलं x = 36t आधी घालतात, मग 2.3 काढून त्याच्यापुढे ∂ लिहितात. आकडा बरोबर असतो, पण तो डब्यातल्या माणसाचा असतो आणि प्रश्न रुळाशेजारच्याबद्दल विचारलेला असतो.