टाइप-सी टू टाइप-सी चार्जिंग केबल, 60 वॉट (20 व्होल्ट / 3 अँपियर), 1.5 मीटर, डेटा 480 एमबीपीएस, काळी

दोन्ही टोकं टाइप-सी आहेत हे आधी बघून घ्या, कारण निम्मी रिटर्न्स ह्याच एका गोष्टीवरून येतात. तुमच्या चार्जरला जुनं चौकोनी यूएसबीचं भोक असेल तर ही केबल त्यात जाणारच नाही. आयफोन 15 आणि पुढचे चालतात, 14 किंवा त्याआधीचा असेल तर लायटनिंगवाली घ्या, ही नको.

वॉटचं सरळ सांगतो. केबल 3 अँपियरची आहे, आत ई-मार्कर चिप नाही, म्हणून जास्तीत जास्त 60 वॉट. 100 वॉटचा चार्जर लावलात तरी हिच्यातून 60 च्या वर जाणार नाही, आणि बाजारात ह्याच जाडीच्या केबलवर 100 वॉट छापलेलं दिसतं ते आम्ही छापत नाही. दुकानात 65 वॉटचा चार्जर, उतरलेला लॅपटॉप आणि मध्ये मीटर लावून बघितलं तर 57-58 वॉट दिसले. 25 वॉटवाल्या सॅमसंगला पूर्ण स्पीड मिळतो, पण 45 वॉटचं चार्जिंग पूर्ण हवं असेल तर 5 अँपियरची केबल लागते. ज्या फोनबरोबर कंपनीची स्वतःची 67, 80 वॉटवाली चार्जर-केबलची जोडी येते त्यांचा तो खास स्पीड हिच्यावर धरून चालू नका, चार्ज होईल पण हळू.

लांबी टोकापासून टोकापर्यंत 1.5 मीटर, कनेक्टर धरून, म्हणजे पाच फुटाला इंचभर कमी. विरार लोकलमध्ये पॉवरबँक पाठीवरच्या बॅगेत ठेवून फोन हातात आरामात येतो, पण पलंगापासून लांबच्या बोर्डापर्यंत पुरेल असं समजून मागवू नका, मोजून घ्या.

डेटा यूएसबी 2.0 चा, 480 मेगाबिट. ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्यक्षात सेकंदाला 30-35 एमबी, म्हणजे 10 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी व्हायला पाचेक मिनिटं धरा. मॉनिटर किंवा टीव्हीला लावून पिक्चर दिसणार नाही, त्यासाठी वेगळी केबल असते आणि ती महाग असते.

वरून नायलॉनची वीण आहे, नवीन असताना जरा ताठ वाटते, आठवड्याभरात नरम पडते. पाकिटात फक्त केबल, चार्जर नाही.

किंमत 249 रुपये. 6 महिने वॉरंटी, चार्जिंग बंद पडलं किंवा कनेक्टर सैल झाला तर बदलून देऊ, कापली गेली किंवा उंदराने कुरतडली तर नाही (हसू नका, गिरगावातून दोन आल्यात). मुंबईत डिलिव्हरी 2 दिवसांत, लॅमिंग्टन रोडला येऊन घेतलीत तर तिथेच मीटर लावून दाखवतो, फक्त रविवारी दुकान बंद असतं.