जागा झालेला बेनिनो
(एक इटालियन गोष्ट, सोप्या मराठीत)

गोष्टीआधी थोडंसं. ही गोष्ट नापोली शहरात घडते. नापोली दक्षिण इटलीत, समुद्राकाठी आहे. नकाशात ते ‘नेपल्स’ या नावानं सापडेल. ख्रिसमसला तिथे घरोघरी ‘प्रेसेपे’ मांडतात. प्रेसेपे म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. इटलीतच, ग्रेच्चो नावाच्या गावात, संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल आणि खरं गाढव आणून असा देखावा केला होता. नापोलीच्या प्रेसेपेत मात्र अख्खं गाव असतं. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मावळ्यांसोबत विहीर आणि शेतही करतात ना, तसंच. तिथली माणसं जशी बोलतात, जेवतात, तशीच मी इथे ठेवली आहेत. वेगळं काही आलं, तर ते गोष्टीतच समजेल.

*

चीरो नऊ वर्षांचा होता. तो आई आणि आजोबांबरोबर एका जुन्या इमारतीत राहत होता. गल्ली इतकी अरुंद होती की समोरच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमध्ये दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर कपडे वाळत असायचे.

चीरोचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. चौथ्या मजल्यावर सिन्योरा असून्ता राहायच्या. (इटलीत मोठ्या बाईला मानानं ‘सिन्योरा’ म्हणतात.) इमारतीला लिफ्ट नव्हती आणि सिन्योरांचे गुडघे दुखायचे. म्हणून त्या रोज सकाळी दोरीनं एक टोपली खाली सोडायच्या. टोपलीत पैसे असायचे. खालचा दुकानदार पैसे घ्यायचा आणि टोपलीत पाव ठेवायचा. मग टोपली हळूहळू वर जायची, चीरोच्या बाल्कनीसमोरून. ताज्या पावाचा वास घरात यायचा.

८ डिसेंबरला सुट्टी असते. तो येशूच्या आईचा, मारियेचा सण. त्या दिवशी नापोलीत बरेच लोक प्रेसेपे करायला घेतात. चीरोच्या आजोबांनीही कपाटावरून मोठं खोकं खाली काढलं. आधी त्यांनी कॉर्कच्या सालीचे डोंगर केले. डोंगरांवर शेवाळ लावलं. आरशाच्या तुकड्याची नदी केली.

“आता माणसं काढ,” आजोबा म्हणाले. “सगळ्यात आधी बेनिनो.”

“दरवर्षी बेनिनोच आधी का?”

“कारण हे सगळं त्याचं स्वप्न आहे. बेनिनो मेंढपाळ आहे. तो डोंगरावर झोपतो आणि त्याला हे गाव दिसतं. पाववाला, मासेवाली, मारिया, बाळ येशू, सगळे त्याच्या स्वप्नात आहेत. म्हणून त्याला कधी उठवायचं नाही. तो जागा झाला, की प्रेसेपे नाहीसं होतं.”

चीरोनं खोक्यात हात घातला. कागदात गुंडाळलेला बेनिनो त्याला सापडला. तो मातीचा होता, बोटाएवढा. चीरोनं कागद उलगडला आणि बेनिनो हातातून निसटला. फरशीवर टक् असा आवाज झाला. डोकं एकीकडे आणि अंग दुसरीकडे पडलं. चेहऱ्याचा रंगही उडाला.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून टेबलावर ठेवले. मग बाकीची माणसं खोक्यातच राहू दिली.

“नवीन आणू या?” आईनं विचारलं. “सान ग्रेगोरिओ आर्मेनोला मिळेल.” (त्या रस्त्यावर प्रेसेपेची माणसं बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. ती वर्षभर उघडी असतात.)

“हा माझ्या वडिलांनी आणला होता,” आजोबा म्हणाले.

रात्रभर चीरो विचार करत होता. सिन्योरा असून्ता पूर्वी त्याच रस्त्यावर काम करायच्या. मातीच्या माणसांचे चेहरे त्या रंगवायच्या. सकाळी टोपली पाव घेऊन वर निघाली, तेव्हा चीरो बाल्कनीत उभाच होता.

“सिन्योरा, थांबा!” तो ओरडला.

टोपली थांबली. चीरोनं बेनिनोचे तुकडे रुमालात बांधून पावाशेजारी ठेवले. सोबत चिठ्ठी ठेवली: ‘हा बरा होईल का?’

टोपली वर गेली. दुसऱ्या दिवशी बेनिनो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यावर दिवे लागले. डोंगरातून मेंढपाळ आले आणि गल्लीत झाम्पोन्या वाजवू लागले. झाम्पोन्या म्हणजे कातड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य. सगळीकडे सण आला होता. चीरोच्या घरात मात्र डोंगर रिकामे होते.

२४ डिसेंबरला दुपारी बाल्कनीसमोर टोपली आली. तिच्यात रुमाल होता आणि चिठ्ठी होती: ‘पैसे नकोत. रात्री प्रेसेपे बघायला येते.’

चीरोनं रुमाल सोडला. मान छान जोडली होती. जोड दिसतसुद्धा नव्हता. गाल गुलाबी होते. पण डोळे! बेनिनोचे डोळे उघडे होते. दोन काळे, गोल, टपोरे डोळे.

“आजोबा,” चीरो हळूच म्हणाला, “हा जागा झाला.”

आजोबांनी चष्मा लावला. बराच वेळ ते बेनिनोकडे बघत राहिले.

“सिन्योरांना आता नीट दिसत नाही,” ते म्हणाले. “इतकं काम केलंय त्यांनी. त्यांना काही बोलायचं नाही.”

“पण प्रेसेपे नाहीसं होईल ना?”

आजोबांनी आईच्या टोपलीतून लाल लोकर घेतली. चीरोनं तिची छोटी टोपी केली आणि बेनिनोच्या नाकापर्यंत ओढली. मग दोघांनी भराभर माणसं मांडली. गोठ्यातली जागा तेवढी रिकामी ठेवली. बाळ येशूला तिथे मध्यरात्रीच ठेवतात.

रात्री चीरो चौथ्या मजल्यावर गेला आणि सिन्योरांचा हात धरून त्यांना खाली घेऊन आला. त्या रात्री तिथे मटण किंवा कोंबडी खात नाहीत, मासे खातात. आईनं तिसऱ्या घालून स्पगेत्ती केली होती. वाम तळली होती. मधात घोळवलेल्या छोट्या गोळ्याही होत्या. त्यांना स्त्रूफोली म्हणतात. सिन्योरांनी सगळं थोडं थोडं खाल्लं आणि त्या प्रेसेपेजवळ गेल्या.

“कसा आहे माझा पेशंट? झोपलाय ना?”

“गाढ झोपलाय,” चीरो म्हणाला.

सिन्योरांनी बोटानं बेनिनोला चाचपलं. “टोपी मी नव्हती घातली.”

“थंडी आहे ना, सिन्योरा.”

सिन्योरांनी बेनिनोला उचललं, टोपी वर केली आणि त्याला दिव्याखाली, अगदी डोळ्यांजवळ धरलं. चीरोनं आजोबांकडे बघितलं. आजोबांनी जमिनीकडे बघितलं.

“अगंबाई!” सिन्योरा जोरात हसल्या. “हा तर टक्क जागा आहे! शंभर मासेवाल्या रंगवल्या मी, त्यांचे डोळे उघडे असतात. हाताला तीच सवय!”

“टोपी खाली करा, सिन्योरा,” आजोबा घाईघाईनं म्हणाले. “आधी टोपी खाली करा!”

आता सगळेच हसले. मासेवाली जागेवर होती. पाववालाही होता. बारा वाजता घंटा वाजल्या, बाहेर फटाके फुटले. घरात चीरो सगळ्यात लहान, म्हणून बाळ येशूला त्यानंच गोठ्यात ठेवलं.

निघताना सिन्योरा म्हणाल्या, “६ जानेवारीला प्रेसेपे आवरलं, की बेनिनोला घेऊन वर ये. डोळे मिटायला हवेत त्याचे. ब्रश तू धरायचा. कसा फिरवायचा ते मी सांगेन.”

“मग मासेवालीलाही आणतो,” चीरो म्हणाला. “तिच्या टोपलीतल्या माशांचा रंग गेलाय.”