भावाचा मेसेज

मोबाइल वाजला तेव्हा निर्मलाबाई साठवणीच्या चाळीतल्या कांद्यांचा वास घेत होत्या. सडका वास आधी कोपऱ्यातून येतो.

'लासलगाव: उन्हाळ कांदा. किमान 600, कमाल 1,840, सरासरी 1,500 रुपये प्रति क्विंटल.'

पुतण्याने सरासरी दीड हजारावर गेली की मेसेज येईल असं लावून दिलं होतं. आलेला हा पहिलाच. पाठोपाठ त्याचा फोनही आला.

"काकू, पाहिलंत? थांबा आता. दिवाळीला दोन हजार नक्की!"

"नक्की कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना हे उत्तर कधीच चाललं नव्हतं.

"दिनू, आज शंभर किलोचे दीड हजार. दिवाळीपर्यंत वजन घटून, सडून पंचाहत्तर किलो उरले आणि भाव दोन हजार झाला, तर किती?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "दीड हजारच."

"आणि निर्यातीवर काही बंधन आलं तर?"

तो काही बोलला नाही. नाशिक जिल्ह्यात या प्रश्नावर सहसा कोणी बोलत नाही.

बाईंनी मेसेज पुन्हा वाचला. सरासरीपेक्षा त्यांना सहाशे आणि अठराशे चाळीसमधलं अंतर जास्त खुपत होतं. मोड आलेला माल चांगल्यात मिसळला की व्यापारी सगळ्या ट्रॉलीचाच भाव पाडतो.

"उद्या दोन बायका निवडायला सांग. कोपऱ्याकडची अर्धी चाळ परवा बाजारात न्यायची. उरलेली हवेशीर आहे, ती राहू दे."

"आणि मेसेज? बंद करू?"

"बंद कशाला? अठराशेवर लाव."