पत्रिकेचा फोटो मिळाला गं वहिनी, पण येता येणार नाही

वहिनी, काल रात्री तू पाठवलेला पत्रिकेचा फोटो बघितला, लगेच उत्तर नाही दिलं कारण उत्तर काय द्यायचं हेच सुचत नव्हतं. सकाळपासून तीनदा टाइप करून पुसलंय. तर आधी मुख्य ते सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. आम्हाला चिमीच्या लग्नाला येता येणार नाहीये. मी नाही, हे नाहीत, सासूबाई पण नाहीत. तिघंही २७ नोव्हेंबरला टोरांटोत असू, थोरल्या दिरांकडे.

तुला माहितीच आहे जाऊबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय ते. ती तारीख हॉस्पिटलने जूनमधेच दिली होती, २२ नोव्हेंबर, आणि तिकिटं आम्ही ऑगस्टमधे काढली, १९ ला रात्री निघायचं आणि २० डिसेंबरला परत. दिरांना एकट्याला घर, नोकरी आणि जाऊबाईंची फिजिओथेरपी हे सगळं जमणार नाही म्हणून मी आणि हे जातोय, आणि सासूबाईंना इथे एकटं ठेवता येत नाही म्हणून त्याही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, तिकिटावर व्हीलचेअर मागून घेतलीय, मधे एक विमान बदलायचंय, त्याचं टेन्शन मलाच जास्त, त्या आपल्या मजेत रोज विचारतात की खिडकी मिळेल ना म्हणून.

तुमची तारीख ऑक्टोबरमधे ठरली तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं होतं. तेव्हा बोलले नाही कारण मनात होतं की बघू, काहीतरी मार्ग निघेल. मी एकटीने आठ दिवस उशिरा जायचं, हे दोघं पुढे, असं पण करून बघितलं. एअरलाइनला फोन लावला, पाऊण तास ती म्युझिक ऐकली, शेवटी कळलं की एकाच बुकिंगमधली तिकिटं आहेत, माझं वेगळं काढता येईल पण मग मधल्या विमानतळावर सासूबाई आणि ह्यांच्या वाट्याला चार बॅगा आणि एक व्हीलचेअर, आणि हे कसे आहेत तुला माहितीये, स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा माणूस. आणि तिकडे ऑपरेशननंतरचा पहिला आठवडाच सगळ्यात अवघड असतो, नेमकं तेव्हाच मी नसणार. मग सोडून दिला तो विचार. जास्त कारणं देत नाही आता, कारणं जास्त झाली की खरी असली तरी खोटी वाटायला लागतात.

तू मेसेजमधे दोनदा सॉरी म्हणालीस की पत्रिका हातात द्यायला येता आलं नाही, फोटोवर भागवतेय म्हणून. अगं त्यात सॉरी काय. घरात लग्न असताना तू माझ्याकडे एवढ्या लांब यायचं आणि मी तुझ्यासमोर बसून नाही म्हणायचं, त्यापेक्षा हेच बरं झालं. आणि खरं सांगू, तो फोटो मला आवडला. छापखान्याने दिलेली गुळगुळीत पीडीएफ सगळेच पाठवतात. ह्या फोटोत तुमचा डायनिंग टेबल दिसतोय, बाजूला अर्धवट लिहिलेली पाकिटांची चळत दिसतेय, आणि खालच्या कोपऱ्यात दादाचा अंगठा आलाय. नखावरच्या त्या काळ्या डागावरून ओळखला, दारात चेमटला होता तेव्हाचा. पाकिटावर माझं नाव त्यानेच लिहिलंय ना? "आत्या आणि मंडळी" मधला तो लांबलचक त्या, शाळेपासून तसाच काढतो.

एक सांगायचं राहिलं, पुढच्यांना पाठवताना उपयोगी पडेल. फ्लॅशमुळे सोनेरी अक्षरांवर नेमकी चकाकी आलीय आणि तारखेतला दुसरा आकडा दिसतच नाहीये. मला तारीख माहिती होती म्हणून २७ वाचता आलं, दुसऱ्या कोणाला २१ पण वाटेल, आणि लोक न विचारता तसेच रिझर्वेशन करून मोकळे होतात. खिडकीपाशी दिवसा, फ्लॅश बंद करून, पत्रिका सपाट ठेवून वरून काढ. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. आणि फोटोखाली तारीख, वेळ, हॉलचा पत्ता टाइपच करून टाक, मोठ्यांना झूम करत बसायला नको. (दादाचा अंगठा मात्र राहू दे.)

पत्रिकेत खाली १० तारखेपर्यंत कळवा असं लिहिलंय म्हणून आत्ताच सांगतेय, नाहीतर चार दिवस रेटलं असतं. आमची तीन नावं धरली असतील तर खोडून टाक, खोल्यांच्या यादीतून पण. आमच्यासाठी ठेवलेली खोली दुसऱ्या कोणाला दे, अजिबात रिकामी ठेवू नको की ऐनवेळी आले तर म्हणून. ऐनवेळी नाही येणार गं, तसं असतं तर किती बरं झालं असतं.

आता चिमीच्या गिफ्टचं. पत्रिकेत भेटवस्तू आणू नये असं छापलंय ते वाचलं, पण ते बाकीच्यांसाठी, आत्याला लागू नाही असं मी परस्पर ठरवलंय. फक्त मनाने काहीतरी उचलून पाठवणार नाही, आधी विचारतेय, कारण नवीन भाड्याच्या घरात दोन खोल्या आणि तीच वस्तू तीनदा आली की ठेवायची कुठे हा प्रश्न असतो. माझ्या लग्नात सात भिंतीवरची घड्याळं आली होती आठवतंय ना, एकही वेळेवर चालत नव्हतं.

माझ्या डोक्यात काय आहे सांगते. वाचायचे दोन दिवे. पलंगाच्या डोक्याशी क्लिपने अडकवायचे, मान वळणारे, एक तिच्या बाजूला एक जावईबापूंच्या बाजूला, दोन्हीला वेगवेगळी बटणं. हसू नको. ही पोरगी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा रात्री पांघरुणाच्या आत टॉर्च लावून वाचायची, मी बाहेरून बघायचे तर अख्खं पांघरूण पिवळं उजळलेलं, आणि हाक मारली की फट्कन अंधार आणि खोटं घोरणं. आणि मागच्या महिन्यात फोनवर तीच सांगत होती की जावईबापू दहाला गुडुप झोपतात आणि ही एक वाजेपर्यंत जागी. मग खोलीतला मोठा दिवा कोणी बंद करायचा ह्यावरून पहिलं भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय.

मी थोडं बघून ठेवलंय. भाड्याचं घर आहे म्हणून क्लिपवाले, भिंतीला भोक पाडायची भानगड नको आणि घर बदललं तरी बरोबर नेता येतात. बल्ब बदलता येणारा हवा, काही दिव्यांत एलईडी आतच पक्की बसवलेली असते, ती गेली की अख्खा दिवा फेकायचा, तसला नको. आणि प्रकाश पिवळसर, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं ते. ६५०० वाला पांढराफटक असतो, झोपायच्या खोलीत ऑफिसात बसल्यासारखं वाटतं आणि शेजारच्याची झोप उडते. मंद करायचं बटण असलेला एक प्रकार पण आहे, तोच घ्यावा असं वाटतंय, फक्त त्याला बल्ब पण मंद होणारा लागतो नाहीतर मिणमिणत बसतो, तो मी बरोबरच पाठवीन.

तू चिमीला एवढंच विचार की पलंग कसला आहे, डोक्याशी लाकडाची फळी आहे का गादी लावलेलं जाड काहीतरी, कारण क्लिपचं तोंड साधारण दोन इंचापर्यंतच उघडतं. जाड असेल तर बाजूच्या टेबलावर ठेवायचे घेऊ. आणि हे नकोच असतील तर तसं सरळ सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही, मग त्या दोघांनी मिळून त्यांना हवं ते निवडायचं आणि मला लिंक पाठवायची, ऑर्डर मी करीन. फक्त "काही नको आत्या" हे उत्तर चालणार नाही. लग्नाच्या हॉलवर नाही पाठवत, तिथल्या पसाऱ्यात खोकी कुठे जातात कळत नाही. ती दोघं नवीन घरी कधी पोचतायत ते कळव, त्याच्या दुसऱ्या दिवशीची डिलिव्हरी लावते. बिल खोक्यातच असेल, वॉरंटीसाठी जपून ठेवायला सांग.

२७ ला तुमच्याकडे मुहूर्ताची ११ वाजून ३५ मिनिटं म्हणजे तिकडे रात्रीचा एक वाजून पाच. मी जागी राहणार आहे. पण व्हिडिओ कॉल लावायच्या फंदात कोणी पडू नका, मी बघितलंय काय होतं ते, एक बिचारा पोरगा फोन वर धरून उभा राहतो, आम्हाला नुसतं छत आणि कोणाची तरी पाठ दिसते, आणि त्या पोराचं लग्न बघायचं राहून जातं. नंतर सावकाश दोन फोटो पाठव, एक चिमीचा आणि एक तुझा आणि दादाचा, त्या वेळचा, हसरा पाहिजे असं काही नाही.

खालचं चिमीला दाखव.

चिमे, आत्या येत नाहीये म्हणून रुसलीस तर रूस, तुझा हक्कच आहे. पण ज्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्या मांडीवर झोपलीस त्या दिवसापासून मी हे लग्न मनात बघतेय, त्यामुळे थोडंफार बघून झालंय असं समज. तू कशी दिसतेस ते मला कोणी वर्णन करून सांगायला नको. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की एकदा दिवा लागला की हिच्याशी बोलायला जायचं नाही, पान संपेपर्यंत थांबायचं. तुम्हा दोघांना खूप खूप आशीर्वाद. २० डिसेंबरनंतर मी आहेच, आठवडाभर झोपेची उलटापालट होईल ती झाली की तुमच्याकडे येते, तुम्ही बोलवा किंवा नका बोलवू.

वहिनी, छापील पत्रिका एक माझ्यासाठी बाजूला काढून ठेव हां, दादाने नाव लिहिलेलं तेच पाकीट. आणि दादाला हे तूच सांग, मला फोनवर जमणार नाही, तो काही बोलणार नाही आणि मग मी रडेन. उद्या-परवा करते मी त्याला फोन, तोपर्यंत त्याला माहिती असू दे.

आणि पलंगाचं तेवढं विचारून सांग, मला १९ च्या आधी ऑर्डर टाकून निघायचंय.